लेखापालाचा अर्ज, आणि चौथ्या परिच्छेदात लपलेलं जी.डी.सी. अँड ए.

*ताई, मी तालुक्याच्या गावातल्या एका छोट्या पतसंस्थेत चार वर्षं लिपिक आहे. एम.कॉम. झालंय, सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ही पदविका परीक्षा पण पास आहे. मोठ्या पतसंस्थांमध्ये लेखापालाच्या जागांसाठी ईमेलने अर्ज करतेय, आतापर्यंत चौदा ठिकाणी केला. एकच फोन आला, तोही "लिपिकाची जागा आहे, येता का" म्हणून. भाऊ म्हणतो ईमेल फार लांबलाय, पण मला काही काढावंसंच वाटत नाही, सगळंच महत्त्वाचं वाटतं. ईमेल, सोबतचे कागद आणि शेवटच्या जाहिरातीचा फोटो पाठवतेय. काय काढू आणि सुरुवात कशी करू, सांगाल का?*

अगं, तुझा ईमेल मी दोनदा वाचला. एकदा लॅपटॉपवर नीट बसून, आणि एकदा मोबाईलवर, मेथी निवडता निवडता, कारण तू जिथे अर्ज पाठवतेस तिथे तो साधारण असाच वाचला जातो. दुसऱ्या वेळी मी तिसऱ्या परिच्छेदाच्या पुढे गेलेच नाही. आणि तो लिपिकाचा फोन का आला असेल ते मला तिथेच कळलं.

मी स्वतः एका सहकारी संस्थेच्या ऑफिसात बरीच वर्षं होते आणि भरती निघाली की अर्ज माझ्याच टेबलावर यायचे, म्हणून आधी त्या टेबलावर काय चालतं ते सांगते. जाहिरात एकच असते पण पदं तीन-चार असतात, शाखाधिकारी, लेखापाल, लिपिक, शिपाई, आणि सगळ्यांसाठी ईमेल आयडी एकच. शेवटच्या दोन दिवसांत इनबॉक्स भरून वाहतो. मग सचिव साहेब म्हणतात "तक्ता करा", आणि ऑफिसातलं कोणीतरी, म्हणजे मीच, एक्सेल उघडून छाननी तक्ता करायला बसतं. रकाने ठरलेले: नाव, कुठल्या पदासाठी, शिक्षण, सहकारातली पदविका, अनुभव, मोबाईल, कागदपत्रं जोडलीत का. एकेक ईमेल उघडायचा, रकाने भरायचे, पुढचा उघडायचा, आणि हे सगळं काउंटरवर सभासद "मॅडम पासबुक" म्हणत उभे असताना. तो तक्ता भरणारा माणूस तुझा पहिला वाचक. सचिव नंतर बघतात, संचालक मंडळ तर त्याहून नंतर, आणि संचालक बहुतेक वेळा ईमेल बघतच नाहीत, ते तक्त्यातली तुझी एक ओळ बघतात.

आता तुझा ईमेल त्या माणसाच्या नजरेने बघ. विषयाच्या जागी लिहिलंयस "नोकरीसाठी अर्ज". पहिलं वाक्य: "महोदय, सविनय सादर नमस्कार, विनंती विशेष की, आपल्या सुप्रसिद्ध व सभासदांच्या विश्वासास पात्र ठरलेल्या संस्थेची जाहिरात नुकतीच वाचनात आली असून आपल्या संस्थेत सेवा करण्याची संधी मिळावी या नम्र हेतूने हा अर्ज सादर करीत आहे." पद कुठेय? दुसऱ्या परिच्छेदात शेतकरी कुटुंब आणि लहानपणापासूनची गणिताची आवड. तिसऱ्यात दहावी, बारावी, बी.कॉम., एम.कॉम. सगळ्यांचे टक्के, टायपिंग, एम.एस.-सी.आय.टी. चौथ्यात मध्येच "तसेच मी शासनाची जी.डी.सी. अँड ए. ही परीक्षाही उत्तीर्ण झाले आहे". (त्या "तसेच" वर मी डोक्याला हात लावला.) पाचव्यात "सध्या लिपिक या पदावर कार्यरत". आणि लेखापाल हा शब्द अख्ख्या ईमेलमध्ये एकदाच, तळाशी, तोही कसा, "लेखापाल वा तत्सम पदासाठी माझा विचार व्हावा".

तक्ता भरणाऱ्याला पदाचा रकाना मोकळा सोडता येत नाही. खालपर्यंत वाचायला वेळ नसतो, मग तो काय करतो, सध्या काय आहे ते बघतो. सध्या लिपिक? मग लिपिकाच्या यादीत टाक. मी पण टाकलीत अशी माणसं, आणि अगदी चांगल्या मनाने टाकलीत हो, बिचारीचं नाव निदान कुठल्यातरी यादीत जाऊ दे म्हणून. आणि तळापर्यंत कोणी वाचलंच तर "वा तत्सम" तिथे वाट बघतोय, म्हणजे तू स्वतःच सांगितलंस की लिपिक पण चालेल. तुला नम्रपणा वाटला असेल तो, ऑफिसला ती परवानगी वाटते. तो शब्द आजच काढ.

म्हणून पद पहिल्या वाक्यात हवं, आणि जाहिरातीत जसं छापलंय अगदी तसंच हवं. तुझ्या जाहिरातीत "लेखापाल (मुख्य कार्यालय)" आहे, तर तेच लिही, अकाउंटंट नको, हिशोबनीस नको. शोधताना कोणी इनबॉक्सच्या सर्चमध्ये "लेखापाल" टाकलं तर तुझा ईमेल वर यायला हवा, हा एक फायदा, आणि रकान्यात काय टाकायचं याचा विचार करायला लागू नये हा दुसरा.

आता पदाच्या लगेच पुढे काय, इथे तुझं माझं भांडण होणार बहुतेक. तुझ्या ईमेलमध्ये एम.कॉम. प्रथम श्रेणी हे ठळक केलंयस आणि जी.डी.सी. अँड ए. साध्या अक्षरांत. मला समजतं, नोकरी करून एम.कॉम. केलंस, रात्री जागलीस, त्याचा अभिमान असणारच. पण ज्यासाठी आपण जास्त घाम गाळला तीच समोरच्यासाठी वजनदार गोष्ट असते असं नाही ना. जाहिरात परत वाच: "बी.कॉम./एम.कॉम. आवश्यक, पतसंस्था/बँकेतील किमान 3 वर्षांचा अनुभव आवश्यक, जी.डी.सी. अँड ए. असल्यास प्राधान्य." जे आवश्यक आहे ते त्या गठ्ठ्यातल्या जवळजवळ प्रत्येकाकडे असणार, नसलेले आधीच बाजूला पडतात. "असल्यास प्राधान्य" जिथे लिहिलंय तिथेच खरी निवड होते, कारण चाळीस बी.कॉम.-एम.कॉम.वाल्यांतून मुलाखतीचे आठ-दहा वेगळे काढायला संस्थेने स्वतःच ती चाळणी छापून ठेवलीय.

आणि पतसंस्थेत त्या पदविकेला किंमत उगाच नाही. परीक्षा सहकार खात्याची, त्यात सहकाराचा कायदा आहे, हिशोब आहे, लेखापरीक्षण आहे, आणि अनुभवाची अट पुरी केली की हीच पदविका असलेली माणसं प्रमाणित लेखापरीक्षक होतात. म्हणजे सचिवाला कळतं की ही मुलगी कीर्द लिहितेच, पण ऑडिटर उद्या त्याच कीर्दीत बोट कुठे ठेवेल हेही तिला माहितीय. एम.कॉम. वाचून एवढं कळत नाही. फक्त एक, तू सगळे पेपर सोडवून पास झालीयस म्हणून "उत्तीर्ण" लिहायचं, तुझ्या कोणा मैत्रिणीचे काही पेपर राहिले असतील तर तिने हे वाक्य उचलू नये, गुणपत्रक मागितलं की तिथल्या तिथे उघडं पडतं. आणि तू उद्या एखाद्या खाजगी कंपनीत अर्ज केलास, जिथे जाहिरातीत जीएसटी आणि टॅली मागितलंय, तर तिथे जी.डी.सी. अँड ए. पहिल्या ओळीतून खाली जाईल, तिथल्या माणसाला कदाचित ते काय असतं तेच माहीत नसेल.

अनुभवाचं सांगते. पाचव्या परिच्छेदात तू लिहिलंयस "ऑडिटच्या वेळी ऑडिटर साहेबांना सर्वतोपरी सहकार्य केले". अगं हे वाचून वाटतं तू त्यांना चहा दिलास! पण तुझ्या बायोडेटाच्या दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात, वेगळंच आहे: दोन शाखांसह रोजची कीर्द तपासतेस, महिनाअखेरची तेरीज जुळवतेस, तीन बँक खात्यांचा ताळमेळ घालतेस, आणि गेली दोन वर्षं ऑडिटच्या शेऱ्यांवरचा दोष दुरुस्ती अहवाल तूच कच्चा लिहिलास. हे लेखापालाचंच काम झालं की. लहान संस्थेत पद लिपिकाचं आणि काम लेखापालाचं हे घरोघरी मातीच्या चुली. म्हणून वरच्या ओळींत पदनाम न लिहिता काम लिही. लपवायचं काहीच नाही, पदनाम बायोडेटात आहे तसंच राहू दे, मुलाखतीत विचारलं तर सरळ सांग, पण पहिल्या ओळीत "लिपिक" लिहून आपल्या हाताने त्या रकान्यात जाऊन बसू नकोस.

मी तुझाच मजकूर कापून-जोडून असा केलाय:

> विषय: लेखापाल पदासाठी अर्ज – जी.डी.सी. अँड ए., पतसंस्थेत 4 वर्षे
>
> महोदय,
>
> लेखापाल (मुख्य कार्यालय) या पदासाठी अर्ज करीत आहे. मी जी.डी.सी. अँड ए. उत्तीर्ण असून मला पतसंस्थेतील हिशोबाच्या कामाचा 4 वर्षांचा अनुभव आहे. बायोडेटा व प्रमाणपत्रे एकाच पीडीएफमध्ये (6 पाने) सोबत जोडली आहेत.
>
> सध्याच्या संस्थेत (मुख्य कार्यालय व 2 शाखा) रोजची कीर्द तपासणे, महिनाअखेरची तेरीज जुळवणे आणि 3 बँक खात्यांचा ताळमेळ ही कामे माझ्याकडे आहेत. मागील दोन वर्षांच्या दोष दुरुस्ती अहवालांचा कच्चा मसुदा मी तयार केला, सचिवांनी तपासून तो सादर केला.
>
> एम.कॉम. व एम.एस.-सी.आय.टी. पूर्ण आहे. रुजू होण्यासाठी सध्याच्या संस्थेला एक महिन्याची नोटीस द्यावी लागेल.
>
> आपली विश्वासू,
> (पूर्ण नाव)
> मोबाईल: (क्रमांक)

शंभरेक शब्द आहेत. पहिली तीन वाक्यं वाचून झाली की तक्त्यातले पद, पदविका, अनुभव, कागदपत्रं हे चार रकाने भरून झाले, आणि नाव-मोबाईल तळाशी एका नजरेत. मधला परिच्छेद सचिवांसाठी आहे, कारण तेरीज जुळवणं म्हणजे काय असतं, फरक चाळीस रुपयांचा असला तरी रात्री आठपर्यंत कसं बसावं लागतं, हे त्यांनाच माहीत. "सचिवांनी तपासून सादर केला" हे मी मुद्दाम ठेवलंय. एकटीनेच सगळं केलं असं लिहिलंस तर कोणी विश्वास ठेवणार नाही, अहवाल काही लिपिकाच्या सहीने जात नाही, आणि लोक त्या संस्थेत ओळखीने फोन करून विचारतात, सहकारात सगळे एकमेकांना ओळखतात गं.

"महोदय" मी ठेवलंय, एका शब्दाने काही बिघडत नाही आणि जुन्या वळणाच्या सचिवाला ते नसलं तर खटकतं. पण "सविनय सादर नमस्कार, विनंती विशेष की" मात्र गेलं, त्याचं कारण दिसण्याचं आहे. मोबाईलवर ईमेल न उघडता यादीत काय दिसतं बघ, पाठवणाऱ्याचं नाव, विषय, आणि खाली मजकुराची जेमतेम एक ओळ. तुझ्या जुन्या ईमेलची ती ओळ सगळी सविनय सादर मध्येच संपत होती, आणि तशाच तीस ओळी वर-खाली असतात. आता तिथे "महोदय, लेखापाल (मुख्य कार्यालय) या पदासाठी" एवढं तरी दिसेल.

शेतकरी कुटुंब आणि गणिताची आवड कुठे गेली विचारशील. गेली. दहावी-बारावीचे टक्के बायोडेटात आहेत, तिथे शोभतात. संस्थेची स्तुती तर आधी काढली, कारण चौदाही ठिकाणी तू तीच पाठवली होतीस हे वाचणाऱ्याला बरोबर कळतं, तुझ्या एका ओळीत तर "आपल्या बँकेची" राहून गेलंय, आणि अर्ज पतसंस्थेला. लांब ईमेलचा हा एक तोटा असतोच, कॉपी-पेस्ट करताना बदलायच्या जागा जास्त आणि एखादी हटकून सुटते. माझ्या मसुद्यात दर वेळी बदलायच्या जागा दोनच, विषयातलं पद आणि पहिल्या वाक्यातलं पद, कारण काही ठिकाणी "लेखापाल (शाखा)" असेल, काही ठिकाणी "वरिष्ठ लेखापाल". एखाद्या जाहिरातीत अपेक्षित पगार लिहा म्हटलं असेल तर तो शेवटच्या परिच्छेदात एका वाक्यात टाक.

आता जोडलेले कागद. तू नऊ फोटो जोडलेस, मोबाईलने काढलेले, नावं सगळी IMG ने सुरू होणारी, त्यातला एक आडवा आणि एकावर तुझ्या अंगठ्याची सावली. बायोडेटा त्यातला नेमका कुठला हे शोधायला मला चार उघडावे लागले. मी घरी होते म्हणून उघडले, ऑफिसात असते तर पहिला उघडला असता, तो दहावीचा निघाला असता, आणि "कागदपत्रं अपुरी" असा शेरा मारून मोकळी झाले असते. सगळं एका पीडीएफमध्ये घे, मोबाईलच्या स्कॅन ॲपमध्ये सहज होतं, आणि क्रम असा लाव: बायोडेटा दोन पानं, मग जी.डी.सी. अँड ए.चं प्रमाणपत्र, मग अनुभवाचा दाखला, मग एम.कॉम.चं गुणपत्रक, शेवटी एम.एस.-सी.आय.टी. झाली सहा. ईमेलमध्ये ज्याचं नाव पहिल्यांदा घेतलंस तेच बायोडेटानंतर पहिल्यांदा दिसलं पाहिजे. पानांचा आकडा मी मजकुरात मुद्दाम लिहिलाय, प्रिंट काढताना एखादं पान राहिलं तर तिथल्या माणसाला कळतं. आधार कार्ड जाहिरातीत मागितलं नसेल तर पाठवू नकोस, कुठल्या कुठल्या इनबॉक्समध्ये पडून राहतं ते. मूळ कागद मुलाखतीला बघतातच. जाहिरातीत कागदांची यादी दिलेली असेल तर मात्र माझं ऐकू नकोस, त्या यादीप्रमाणे जोड आणि मजकुरातला पानांचा आकडा बदल.

फाईलचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेव, ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर देवनागरी नाव कधी कधी नीट दिसत नाही. असं काहीतरी:

```
Lekhapal_Arj_Adnav.pdf
```

Adnav च्या जागी अर्थातच तुझं आडनाव. आणि स्कॅन करताना साईझ बघ. जीमेलवर 25 एमबीच्या वर गेलं की फाईल जोडली न जाता तिची ड्राइव्हची लिंक होते, आणि तू परवानगी नीट दिली नसशील तर समोरच्याला ती उघडतच नाही, तो रिक्वेस्ट पाठवत बसणार नाही. सहा पानांना दोन-तीन एमबी खूप झाले.

अजून एक, हे तुझ्या ईमेलमध्ये नाहीये पण होऊ शकतं म्हणून. मसुदा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप करून ईमेलमध्ये चिकटवू नकोस. तुझ्या स्क्रीनवर छान दिसेल कारण तिथे तो फॉन्ट आहे, समोर मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी पोचते. आमच्याकडे असे अर्ज यायचे, आणि नुसत्या "4" या आकड्यावरून आम्ही अंदाज बांधायचो की अनुभव चार वर्षं असावा बहुतेक. मोबाईलच्या मराठी कीबोर्डवर किंवा युनिकोडमध्येच टाईप कर.

पाठवायच्या आधी आपल्याच दुसऱ्या आयडीवर एक पाठवून बघ. आधी पीडीएफ जोड, मग मजकूर टाक, पत्ता सगळ्यात शेवटी, म्हणजे अर्धवट असताना बोट लागून जाणार नाही. मग मोबाईल भावाच्या हातात दे, मनात दहापर्यंत मोज, मोबाईल काढून घे आणि विचार: कुठली जागा, माझ्याकडे काय आहे, सोबत काय पाठवलंय? तिन्ही सांगता आलं तर पाठव. एक जरी अडलं तर ते वाक्य अजून वर घे.

आणि भावाचाच विषय निघालाय तर, तो ईमेल लांब आहे म्हणाला ते त्याचं बरोबरच होतं, पण मला हा ईमेल आला तेव्हा पाठवणाऱ्याच्या जागी नाव त्याच्या मोबाईल शॉपीचं होतं. म्हणजे चौदा ऑफिसांत एका मोबाईल शॉपीने नोकरी मागितलीय. आज रात्री स्वतःचा आयडी काढ, त्यात नाव मराठीत किंवा इंग्रजीत, पण प्रमाणपत्रावर आहे तसंच टाक. शेवटच्या जाहिरातीची मुदत 25 तारखेची आहे ना, तिथे नवीन आयडीवरून परत अर्ज कर, आणि विषयाच्या शेवटी "(सुधारित)" एवढा एक शब्द वाढव.